पूर्वग्रह व भेदभाव : दोन जोड्यांतील नेमका फरक

समाजशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत पूर्वग्रह व भेदभाव यांतील फरक चार-पाच ओळींत विचारला जातो. पुष्कळ विद्यार्थी दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरून मोकळे होतात. वास्तविक पूर्वग्रह ही मनाची धारणा होय. अनुभव घेण्याआधीच एखाद्या गटाविषयी बनविलेले, बहुधा प्रतिकूल, मत. भेदभाव हे आचरण होय; त्या गटातील व्यक्तीस, ती केवळ त्या गटाची म्हणून, संधी किंवा सेवा नाकारणे.

ही दोन्ही नेहमी बरोबर चालतातच असे नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० नंतर एका तरुण चिनी दांपत्यासह त्या देशात दूरवर प्रवास केला. चिनी लोकांविषयी तेथे तेव्हा तीव्र आकस होता. तरीही २५१ हॉटेले, निवासस्थाने व उपाहारगृहांपैकी केवळ एकाच ठिकाणी त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. सुमारे सहा महिन्यांनी त्याच ठिकाणांना, चिनी पाहुणे स्वीकाराल काय, असे पत्राने विचारण्यात आले. उत्तरे १२८ आली आणि त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक स्पष्ट नकाराची होती. हे निष्कर्ष १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्राला उत्तर देणारी आणि दारात स्वागत करणारी व्यक्ती एकच होती की नाही, हे मात्र सांगता येत नाही. शिवाय त्या दांपत्यासोबत एक गोरा प्राध्यापक होता. एवढी मर्यादा ध्यानी घेऊनही, कागदावरचा नकार आणि दारातील वर्तन यांतील तफावत लपत नाही.

याच चिनी समाजावरून दुसरी जोडीही उलगडते. समान उगम, भाषा, चालीरीती आणि 'आपण एक' ही जाणीव यांमुळे तो वांशिक गट ठरतो. येथे 'वांशिक' याचा अर्थ केवळ शरीराची ठेवण नव्हे. अल्पसंख्याक गट मात्र सत्तेतील स्थानावरून ठरतो. अमेरिकेत १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली आणि चिनी स्थलांतरितांना नागरिकत्वाचा मार्ग १९४३ पर्यंत बंद राहिला. म्हणून तेथे हा गट अल्पसंख्याकही होता. चीनमध्ये तोच हान समाज बहुसंख्य आहे.

संख्येपेक्षा सत्ता महत्त्वाची, याचा पुरावा दक्षिण आफ्रिकेत मिळतो. १९९४ पर्यंत मताधिकारापासून वंचित असलेले कृष्णवर्णीय तेथे संख्येने बहुसंख्य होते, तरी समाजशास्त्रीय अर्थाने ते अल्पसंख्याक गटात मोडत.

भारतातील विद्यार्थ्याची गफलत होते ती येथेच. आपल्या संविधानातील अनुच्छेद ३० मध्ये 'अल्पसंख्याक' हा शब्द धर्म किंवा भाषा यांच्या आधारे येतो, आणि २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार त्यासाठी राज्य हा घटक धरला जातो. त्यामुळे बेळगावचा मराठी भाषिक कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक ठरतो आणि शेजारच्या कोल्हापुरात ठरत नाही. उत्तर लिहिताना प्रश्न कायद्याचा आहे की समाजशास्त्राचा, हे आधी पाहावे.