सरासरी गुण ९ वरून १४ झाले, म्हणजे प्रशिक्षण यशस्वी झालं का?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यात पावसाळा म्हटलं की लोकांचं लक्ष उल्हास नदीच्या पातळीकडे असतं. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. अशा भागात स्थानिक तरुणांना पुरातल्या बचावाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण देणं ही गरजेची गोष्ट आहे.

पण प्रशिक्षण संपलं की एक अहवाल येतो. त्यात दोन आकडे असतात, प्रशिक्षणाआधीच्या चाचणीचे गुण आणि नंतरच्या चाचणीचे गुण. खाली निष्कर्ष असतो, "प्रशिक्षण अत्यंत प्रभावी ठरले." हा निष्कर्ष त्या दोन आकड्यांतून खरंच निघतो का? एका काल्पनिक उदाहरणातून पाहू.

आधी मोजा, माणसं किती होती?

समजा, हेंद्रेपाड्यातल्या ४० तरुणांनी प्रशिक्षणात नाव नोंदवलं. पहिल्या दिवशी २० गुणांची पूर्वचाचणी झाली, सरासरी आली ९. शेवटच्या दिवशी उत्तरचाचणी झाली, सरासरी आली १४. अहवालात छापलं गेलं की ५ गुणांची वाढ झाली.

आता हजेरीचा तक्ता बघा. उत्तरचाचणीला ४० नाही, २८ जणच होते. उरलेले १२ जण मधेच यायचे थांबले. कुणाची शिफ्ट बदलली, तर कुणाला काही कळेनासं झालं म्हणून कंटाळा आला.

या २८ जणांचे पूर्वचाचणीचे गुण वेगळे काढले, तर त्यांची सरासरी ९ नव्हे, १०.५ निघते. गळालेल्या १२ जणांची सरासरी होती फक्त ५.५. म्हणजे जे मुळातच कच्चे होते ते बाहेर पडले आणि त्यामुळेच उरलेल्यांची सरासरी वर गेली. त्याच २८ जणांची आधीची आणि नंतरची तुलना केली, तर वाढ ५ गुणांची नाही, ३.५ गुणांची आहे.

म्हणून अहवाल हातात आला की दोन्ही चाचण्यांना किती जण बसले होते ते आधी शोधा. हा आकडा दिलेलाच नसेल, तर वाढीच्या आकड्यावर फार विसंबू नका.

मग ३.५ गुण तरी प्रशिक्षणाचेच ना?

तेही लगेच म्हणता येत नाही. पूर्वचाचणी दिल्यावर लोक आपसात प्रश्नांची चर्चा करतात, मोबाइलवर उत्तरं शोधतात. तीच प्रश्नपत्रिका पुन्हा आली, तर वर्गात न बसताही गुण वाढतात. त्याच दिवसांत पाऊस सुरू झाला, तर बातम्यांतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरूनही पुराची माहिती पोहोचते.

समजा, शेजारच्या वस्तीतल्या तशाच तरुणांच्या एका गटाला प्रशिक्षण न देता दोन्ही चाचण्या दिल्या आणि त्यांचे गुण सरासरी १.५ ने वाढले. मग आपल्या गटाच्या ३.५ मधून हे १.५ वजा करावे लागतील. प्रशिक्षणाच्या खात्यात उरले २ गुण. शून्य नाहीत, पण ५ सुद्धा नाहीत.

हे प्रत्यक्षात कुणी केलंय का?

केलंय, आणि तेही मुंबईत. 'प्रथम' ही संस्था महापालिका शाळांमध्ये 'बालसखी' नावाचा उपक्रम चालवत होती. वस्तीतल्याच एका तरुणीला साधारण दोन आठवड्यांचं प्रशिक्षण द्यायचं आणि वर्गात मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना रोज सुमारे दोन तास तिच्याकडे वेगळं शिकायला पाठवायचं, असं त्याचं स्वरूप होतं.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अभ्यासकांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची पाहणी केली. (बॅनर्जी आणि डफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलांच्या चाचण्या झाल्या. पण कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, कुणाच्याही मर्जीशिवाय ठरवलं गेलं. त्यामुळे एका शाळेतल्या तिसरीची तुलना दुसऱ्या शाळेतल्या बालसखी नसलेल्या तिसरीशी करता आली.

ही तुलना का हवी होती? कारण बालसखी नसली तरी मुलं वर्षभरात थोडंफार शिकतातच. ती वाढ बालसखीच्या नावावर जमा होऊ नये, म्हणून फक्त दोन गटांतला फरक मोजला गेला. चाचणीच्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांचाही शोध घेऊन त्यांची चाचणी घेतली गेली. दुसऱ्या वर्षी मुंबईतल्या काही शाळांना ठरल्याप्रमाणे बालसखी मिळाली नाही. त्या शाळाही हिशेबातून वगळल्या नाहीत, नाहीतर उपक्रम आहे त्यापेक्षा चांगला दिसला असता.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, दुसऱ्या वर्षी हा फरक ०.२८ प्रमाण विचलन इतका होता. सोप्या भाषेत, १०० मुलांना गुणांनुसार रांगेत उभं केलं, तर मधोमध असलेलं मूल साधारण ११ मुलांना मागे टाकून पुढे जाईल. यातला मोठा वाटा सगळ्यात मागे असलेल्या मुलांच्या प्रगतीचा होता.

पण अभ्यासक इथे थांबले नाहीत. उपक्रम संपल्यावर एक वर्षाने पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा बालसखीकडे शिकलेल्या मुलांमध्येही हा परिणाम सुमारे ०.१० पर्यंत उतरला होता. आपल्या रांगेत मोजलं तर ११ ऐवजी ४ मुलं. फायदा उरला होता, पण बराचसा ओसरला होता. फक्त वर्षाअखेरची चाचणी घेतली असती, तर हे कळलंच नसतं.

कागदावरचं पाण्यात उतरतं का?

हेंद्रेपाड्याच्या उदाहरणात हा प्रश्न जास्त गंभीर आहे. सीपीआर देताना छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची, हे पर्यायांतून निवडलं की गुण मिळतो. पण प्रौढ माणसाची छाती प्रत्येक वेळी किमान ५ सेंटीमीटर खाली जाईल अशी सलग दोन मिनिटं दाबणं हे हातांचं काम आहे. ते बाहुल्यावर करून घेऊनच तपासावं लागतं. सराव नसेल, तर हे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागतं. जूनमध्ये मिळालेले १४ गुण पुढच्या जुलैत किती उरतील, हे शेवटच्या दिवशीची लेखी चाचणी सांगू शकत नाही.

मग योग्य निष्कर्ष कसा असतो?

आपल्या उदाहरणाचा प्रामाणिक निष्कर्ष असा लिहिता येईल:

"दोन्ही चाचण्या दिलेल्या २८ जणांचे सरासरी गुण १०.५ वरून १४ झाले. नोंदणी केलेल्यांपैकी १२ जण उत्तरचाचणीला नव्हते आणि त्यांचे सुरुवातीचे गुण कमी होते. प्रशिक्षण न घेतलेल्या गटाचे गुण १.५ ने वाढले. त्यामुळे प्रशिक्षणाने लेखी माहितीत सुमारे २ गुणांची भर पडली असावी. गट लहान होते आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, म्हणून हा अंदाज आहे. प्रत्यक्ष कौशल्य आणि सहा महिन्यांनंतरची आठवण तपासलेली नाही."

हे वाचायला "अत्यंत प्रभावी" इतकं छान वाटत नाही. पण यातून पुढचं काम कळतं. गळालेल्या १२ जणांना परत आणायचं आहे आणि नदीचं पाणी चढायच्या आधी सगळ्यांचे हात बाहुल्यावर पुन्हा तपासायचे आहेत.