दोन दिवसांचे दोन लाख

राजीनामा दिल्यावर दीड-दोन महिन्यांनी ‘फुल अँड फायनल’चा हिशेब येतो. त्यात शेवटचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे जमेच्या बाजूला, आणि खाली वजा: ‘जॉइनिंग बोनस रिकव्हरी, 2,00,000’. बेरीज उणे निघते. आठ-दहा महिने राबलेला माणूसच कंपनीचा देणेकरी ठरतो.

पुण्यातल्या एका अभियंत्याचं उदाहरण कल्पून पाहू. तो 1 सप्टेंबर 2024 ला रुजू झाला आणि त्याच महिन्यात दोन लाख बोनस मिळाला. नेमणूकपत्रातली अट अशी: बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास बोनस परत. त्याने 1 जुलै 2025 ला राजीनामा दिला. साठ दिवसांचा नोटीस पिरियड 29 ऑगस्टला संपला. वर्ष भरायला दोन दिवस कमी! आणखी दोन दिवस थांबण्याची परवानगी मागितली असती, तर प्रश्नच उरला नसता.

म्हणून आधी पत्रातलं ते कलम शब्दशः वाचायला हवं. बारा महिने कुठवर मोजायचे, राजीनाम्याच्या तारखेपर्यंत की कामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत? पूर्ण रक्कम परत करायची की उरलेल्या काळापुरती? उरलेल्या काळापुरती असेल, तर इथे वसुली जेमतेम 1,096 रुपये होते. एकाच वाक्याच्या दोन वाचनांमध्ये जवळपास दोन लाखांचं अंतर आहे.

दुसरी गोम कराची. अभियंता तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह 62,400 रुपये कर कापून त्याच्या हाती 1,37,600 आले होते. कंपनी मागते पूर्ण दोन लाख. बोनस आणि वसुली एकाच आर्थिक वर्षात असती, तर कंपनीला उरलेल्या पगारावरची करकपात त्या हिशेबाने कमी करता आली असती. इथे मधे 31 मार्च उलटून गेला. चालू वर्षाच्या करपात्र पगारातून ही रक्कम वजा धरणार का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. पुढे फॉर्म 16 मध्ये तसं दिसलं पाहिजे.

‘असली अट कोर्टात टिकत नाही’ या ऐकीव भरवशावर मात्र राहू नये. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि भरतीचा खर्च हे तिचं कारण होतं, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीला तो निकाल जसाच्या तसा लागू होईल असं नाही. पण सही केलेल्या कराराला वजन असतं. कायद्याने मिळणारा किमान 8.33 टक्क्यांचा बोनस मात्र वेगळा. केवळ राजीनामा दिला म्हणून तो परत मागता येत नाही.

आक्षेप घ्यायचा तो ‘हिशेब मान्य’ अशी सही करण्यापूर्वी. ई-मेलमध्ये तीनच गोष्टी मागाव्यात: कोणत्या कलमाखाली वसुली, कोणत्या तारखांवरून मोजणी, आणि कापलेल्या कराचं काय. वाद नसलेली रक्कम तेवढी आधी सोडा, असंही त्यातच लिहावं.