पैठणी द्यायची आहे… कोणाला, कधी, कशात?

'एक चांगली पैठणी दाखवा,' असं म्हणत दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला येवल्याचा अनुभवी विक्रेता लगेच गठ्ठा सोडून दाखवत नाही. आधी विचारतो, 'कोणासाठी?' मग, 'काय कार्य आहे?' स्वतःसाठी साडी घेणारी बाई पदर उलटून बघते, जर नखावर घासते, काठाचं नाव सांगते. भेट द्यायला आलेल्या माणसाला, मग तो भाचा असो, जावई असो की कचेरीतले चार सहकारी, यातलं फारसं काही ठाऊक नसतं. झी मराठीवरच्या 'होम मिनिस्टर'मुळे पैठणी ही बक्षीस म्हणून द्यायची वस्तू आहे, हे घरोघरी पोचलं. ती निवडायची कशी, हे मात्र दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं नसतं.

भेट घेणाऱ्याला पैठणीबद्दल एवढं कळलं तरी पुरे. पैठणी रेशमाची असते, काठ आणि पदर जरीचे असतात आणि खरी कारागिरी पदरात असते. हातमागावर पदर विणताना नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी धाग्याची वेगळी छोटी कांडी वापरतात. विणकर ती हाताने आतबाहेर करतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतो. त्यामुळे बांगडी मोर, मुनिया म्हणजे पोपट, असावलीची वेल, ही नक्षी मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या 'सेमी पैठणी'त मागच्या बाजूला सुट्या धाग्यांचं जाळं असतं किंवा ते कापल्याचे तुसासारखे शेव दिसतात. म्हणून विक्रेत्याला पदर उलटा करून दाखवायला सांगावं. मात्र मागे धागे दिसले की लगेच फसवणूक समजू नये. जॅकार्ड लावलेल्या हातमागावरच्या ब्रोकेड पैठणीच्या काठातही मागे धागे येतात. सेमी पैठणी ही वाईट भेटही नाही. ती सेमी म्हणूनच सांगितली आणि त्याच भावात दिली, तर काहीच बिघडत नाही. प्रश्न येतो तो हातमागाचे पैसे मोजून ती घरी आली की.

साडीला लटकणाऱ्या खुणांबद्दलही गैरसमज असतात. 2004 मध्ये सुरू झालेला 'सिल्क मार्क' कापड शुद्ध रेशमाचं असल्याची खात्री देतो. ते हातमागावर विणलं की यंत्रमागावर, याबद्दल तो काहीच सांगत नाही. 2006 पासूनचा 'हॅंडलूम मार्क' हातमागाची ग्वाही देतो, रेशमाची नाही. म्हणून दोन्ही खुणा पाहाव्यात. जरीबद्दल मात्र तोंडानं विचारावं लागतं. आज बहुतेक पैठण्यांत तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेली जर असते. चांदीची जर मागितली तर मिळते, पण किंमत बरीच वाढते. विक्रेता जे सांगेल ते बिलावर लिहून घ्यावं.

आता प्रसंग. डोहाळजेवणाला हिरवी पैठणी द्यायची रीत आहे, आणि तिथे दुसऱ्या रंगाचा विचार करायची गरजही नाही. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी द्यावी. तीच काळी साडी लग्नात आहेर म्हणून दिली, तर अनेक घरांत चालत नाही. लग्नासाठी लाल, जांभळा, राणी, मोरपंखी हे रंग निर्धास्त घ्यावेत. साठीशांत किंवा सहस्रचंद्रदर्शन असेल, तर रंगापेक्षा वजन महत्त्वाचं. भरगच्च जरीचा पदर दिसायला भव्य असतो, पण दोन तास खांद्यावर सांभाळताना आजी थकून जातात. त्यांना अंगभर विरळ बुट्टी, साधा नारळी काठ आणि आटोपशीर पदर अशी साडी द्यावी.

त्या नऊवारी नेसत असतील तर हे आधीच विचारून घ्यायला हवं. सहा वार म्हणजे साधारण साडेपाच मीटर, नऊ वार म्हणजे सव्वाआठ. सहावारी घेऊन ती नंतर नऊवारी करता येत नाही, आणि नऊवारी पैठणी बहुधा मागणीप्रमाणे विणून घ्यावी लागते. साध्या नक्षीलाही महिना जाऊ शकतो, भरलेल्या पदराला कितीतरी महिने. कार्याच्या आठ दिवस आधी ती मागितली, तर विणकराला नाहीच म्हणावं लागतं.

समजा, शाळेतले बावीस शिक्षक मिळून अठ्ठावन्नव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या बाईंना पैठणी देणार आहेत. प्रत्येकी सातशे रुपये काढले तर 15,400 जमतात. एवढ्यात हातमागाची साधी पैठणी पाहता येते. अंगभर मोर असलेली मिळणार नाही आणि तिचा हट्टही धरू नये. बाई रोज सुती, फिक्या रंगाच्या साड्या नेसतात, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. स्नेहसंमेलनाच्या फोटोंत त्या कोणत्या रंगात खुलून दिसतात, ते बघावं. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव पैठणी इथे शोभते, कारण ती उजेडात रंग बदलते, तरी भडक वाटत नाही. फॉल-पिको करून देण्याचा मोह आवरावा. एकदा फॉल लागला की बहुतेक दुकानं साडी बदलून देत नाहीत. ब्लाउजपीसही साडीपासून कापून घेऊ नये, आणि बदलण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी.

बांधणीत सर्वांत जास्त नुकसान होतं, तेही हौसेपोटी. चकचकीत प्लॅस्टिकचं पाकीट आणि वर चिकटपट्टी ही जोडी रेशमाला मारक ठरते. आत दमटपणा कोंडतो आणि जर काळवंडते. साडी धुतलेल्या, पांढऱ्या मलमलीत गुंडाळावी. पदराची नक्षी वर येईल अशी घडी घालावी, पण ती धरून ठेवायला टाचण्या लावू नयेत. रेशमाला पडलेलं भोक बुजत नाही. वरून खोका, कागद, फीत काय हवं ते वापरावं. मलमलीऐवजी शिवलेली सुती पिशवी दिली तर तीच पुढे कपाटात कामी येते. वर्तमानपत्राची शाई लागते, म्हणून ते आत घालू नये. अत्तराचा फवारा आणि ओला गजरा हेही खोक्याबाहेरच राहू द्यावेत. डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नये.

हळदीकुंकवाचं बोट लावल्याशिवाय नवं वस्त्र द्यायचं नाही, असं मानणाऱ्या घरात ते बोट पदरावर न लावता कमरेला खोचल्या जाणाऱ्या टोकाला लावावं. रीतही पाळली जाते आणि डाग दिसतही नाही. ओटी भरायची असेल तर तांदूळ, नारळ, हळकुंड वेगळ्या ब्लाउजपीसमध्ये द्यावं. रेशमावरची हळद साबण लागला की लालसर होते आणि सहजी जात नाही.

किमतीची चिठ्ठी काढून टाकावी, पण सिल्क मार्कची खूण तशीच ठेवावी. खोक्याच्या तळाशी एका पाकिटात छोटी चिठ्ठी घालावी. हातमाग की यंत्रमाग, जर कोणती, काठाचं आणि नक्षीचं नाव काय, घरी न धुता ड्रायक्लीनला द्यायची, दर काही महिन्यांनी घडी बदलायची, आणि अमुक तारखेपर्यंत बदलून मिळेल, इतकं त्यात लिहिलं की पुरे. बिल मात्र देणाऱ्यानं स्वतःकडे जपून ठेवावं.