पहिल्या भेटीचा सिनेमा

नगरमध्ये दोघं पहिल्यांदाच सिनेमाला भेटणार असतील, तर आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र पाहावं. 2024 पासून ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे भाग झाले आहेत. शेजारी जेमतेम ओळखीचं माणूस असताना 16+ टाळलेलं बरं. ‘यू’ किंवा 7+ असेल तर संकोचाचे प्रसंग सहसा नसतात.

पण प्रमाणपत्रावरून शेवट कळत नाही. ‘सैराट’ (2016) शेजारच्या करमाळ्याचा, गाणी सगळ्यांना पाठ. तरी जवळपास तीन तासांनंतर त्याचा शेवट असा सुन्न करतो की बाहेर आल्यावर बोलणंच सुचत नाही. सिनेमा थोर आहे, पण या दिवसासाठी नाही. म्हणून आधी पाहिलेल्या मित्राला एवढंच विचारावं, ‘शेवट कसा आहे?’

समजा, एकाला विनोद आवडतो आणि दुसऱ्याला शांत गोष्ट. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (2010) दोघांनाही चालेल. लग्नासाठी स्थळ पाहायला पुण्यात आलेली मुलगी, एक अनोळखी मुलगा आणि दिवसभराच्या गप्पा. भांडणातून हसू येतं, अवघडलेपण नाही. थिएटरमध्ये त्याच जातीचं काही लागलेलं नसेल, तर सरळ विनोदी चित्रपटाचं तिकीट काढा.