बचत गटाचा पापड उद्योग : कर्ज किती मिळतं ते नंतर, पैसा किती दिवस अडकतो ते आधी मोजा

मुंबई उपनगर : बचत गटाने धंद्यासाठी कर्ज काढायचं ठरवलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "बँक किती देईल?" खरं तर पहिला प्रश्न वेगळा हवा. आज पिठात घातलेला रुपया परत हातात यायला किती दिवस लागतील? या एका उत्तरावर गटाचं कर्ज फिटणार की थकणार हे बरंचसं ठरतं.

याचं जुनं उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. ते छगनलाल करमशी पारेख यांनी दिले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली. हाच पुढे लिज्जत पापड झाला. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हे बायांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. पुढे त्यांनी उसने पैसे फेडले.

पण पहिल्याच पावसाळ्यात त्यांचं काम चार महिने बंद पडलं, कारण पापड वाळेनात. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह, अशी वाळवण सुरू झाली. १९६१ मध्ये उपनगरात मालाडला शाखा काढायचा प्रयत्न झाला, तोही जमला नाही. एवढ्या मोठ्या संस्थेलाही जे अडलं, ते आपल्या गटाला अडणारच असं धरून हिशोब मांडलेला बरा.

हिशोब कसा मांडायचा

समजा, मुलुंडच्या एका वस्तीत दहा जणींचा गट आहे. प्रत्येकीची बचत महिन्याला २०० रुपये. वर्षभरात २४ हजार रुपये जमले. गटाला उडदाचे पापड करायचे आहेत. खालचे दर समजण्यासाठी धरलेले आहेत, आपल्या बाजारातले दर घालून हाच हिशोब करावा.

एक किलो पापडाला पीठ, पापडखार, मिरी, हिंग, तेल मिळून १७० रुपये. लाटण्याची मजुरी ६०. पिशवी आणि लेबल १५. वाहतूक आणि तुटफूट १५. एकूण खर्च २६० रुपये. दुकानदार घेतो ३०० रुपयांना. म्हणजे किलोमागे ४० रुपये सुटतात.

मजुरी खर्चात धरलीच पाहिजे. "आपल्याच बाया आहेत" म्हणून बरेच गट ती लिहीत नाहीत. मग कागदावर नफा मोठा दिसतो, पण दोन महिन्यांनी लाटायला कोणी येत नाही. लिज्जतमध्ये बाई लाटलेले पापड आणून देते, ते तपासले जातात आणि मजुरी तिथेच मिळते.

रोज १० किलो आणि महिन्यात २५ दिवस काम धरलं तर २५० किलो पापड होतात. महिन्याचा खर्च ६५ हजार आणि शिल्लक १० हजार.

दिवस मोजा

आता खरा मुद्दा. आणलेलं पीठ सरासरी ५ दिवस पडून राहतं. लाटणं, वाळवणं आणि पॅकिंग यात आणखी ५ दिवस जातात. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, "माल ठेवा, पैसे महिन्याने." झाले ४० दिवस. महिन्याला ६५ हजार खर्च, तर ४० दिवसांत साधारण ८७ हजार रुपये अडकतात.

तोच माल सोसायट्यांमध्ये ओळखीच्या घरांना दिला आणि वसुली आठवड्याने केली, तर ४० चे १७ दिवस होतात. मग अडकतात फक्त ३७ हजार. पापड तेवढेच, नफा तेवढाच, पण लागणारं भांडवल निम्म्याहून कमी.

यात वजनकाटा, पिशवी बंद करायचं मशीन, पोळपाट-लाटणी यांचे १२ हजार मिळवा. गटाच्या बचतीतले १४ हजार धंद्यात घाला. उरलेले १० हजार आजारपण, शाळेची फी अशा अंतर्गत कर्जासाठी राहू द्या. म्हणजे उधारीवर विकणाऱ्या गटाला ८५ हजारांचं कर्ज लागेल आणि आठवड्याने वसूल करणाऱ्या गटाला ३५ हजारांचं.

बँक जास्त देते म्हणून घ्यायचं का?

नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गटाची बचत आणि शिस्त पाहून कर्ज देण्याची पद्धत पडली. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ग्रामीण भागात उमेदच्या गटांना पहिलं कर्ज जमा निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते देता येतं. वरच्या गटासारखीच २४ हजारांची बचत असलेला गावचा गट असेल, तर त्याला दीड लाख मिळू शकतात. पण गरज आहे ३५ हजारांची.

गडबड इथेच होते. जास्तीचे पैसे बाया सारखे वाटून घेतात, ते घरात खर्च होतात आणि हप्ता मात्र धंद्याने भरायचा असतो. पैसे वाटून झाले आणि पीठ आलंच नाही, असं दिसलं तर तो धंदा नसून फक्त कर्ज आहे, हे ओळखावं.

भांडवल फिरतं असेल तर बँकेत कॅश क्रेडिटचं विचारावं. त्यात जेवढी रक्कम उचलली, तेवढ्यावरच व्याज लागतं.

पावसाळ्याचा हप्ता

८५ हजार रुपये दोन वर्षांसाठी, वर्षाला १२ टक्के व्याज धरलं, तर हप्ता साधारण ४ हजार येतो. १० हजार शिल्लक असताना तो सहज भरता येतो. पण जून ते सप्टेंबर वाळवण बंद राहिली तर विक्री नाही आणि हप्ते १६ हजारांचे. ३५ हजारांच्या कर्जाला हप्ता साधारण १,६५०, म्हणजे चार महिन्यांचे ६,६०० रुपये.

म्हणून उरलेल्या आठ महिन्यांत दर महिन्याला २ हजार बाजूला काढले तर १६ हजार जमतात. हे पैसे गटाच्या खात्यात राहतील आणि वाटले जाणार नाहीत, असा ठराव पहिल्याच बैठकीत लिहावा. चार महिने गिरणीवरचं मसाल्याचं काम घेणं किंवा घरात वाळवणाची सोय करणं, हा दुसरा मार्ग. त्याचा खर्चही आराखड्यात हवा.

वहीत काय बघायचं

दर आठवड्याच्या बैठकीत तीनच आकडे मोठ्याने वाचावेत : हातातली रोकड, पडून असलेला माल आणि बाहेरची उधारी. महिनाभर नफा दिसतोय, पण सोमवारी पिठाला पैसे नाहीत, तर पैसा उधारीत अडकलाय. मागची बाकी मिळाल्याशिवाय त्या दुकानाला पुढचा माल देऊ नये.

हप्ता चुकायच्या आधी बऱ्याचदा उधारीचा आकडा वाढायला लागतो. तो ज्या आठवड्यात वाढला, त्याच आठवड्यात दोघींनी दुकानात जाऊन वसुली करावी.