‘टेंभी’ आणि ‘टेम्भी’: मोठ्या रिफॅक्टरच्या वर्णनात काय लिहावं?

ठाण्यात घरपोच सामान देणाऱ्या एका दुकानाचं सॉफ्टवेअर आहे असं समजा. पत्ता नीटनेटका करणारा कोड ऑर्डर, बिल आणि शोध अशा तीन ठिकाणी वेगवेगळा लिहिलेला होता. तो एका जागी आणताना 42 फाइल्स बदलल्या. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात मात्र एकच ओळ आली: ‘पत्त्याचा कोड एकत्र केला, वागणूक तीच.’ या ओळीमागे तीन गैरसमज आहेत.

गैरसमज: डिफ समोर आहे, वेगळं काय सांगायचं?

वस्तुस्थिती: गिट फाइलचं स्थलांतर नोंदवून ठेवत नाही. वेगळं काही सांगितलं नसेल, तर जुनी आणि नवी फाइल निदान 50 टक्के सारखी असली, तरच ती ‘हलवली’ असं ते ओळखतं. हलवताना बरंच बदललं, तर एक फाइल पुसलेली आणि दुसरी नवी दिसते. म्हणून नुसतं हलवणं एका कमिटमध्ये आणि बदल दुसऱ्या कमिटमध्ये ठेवावेत. मग वर्णनात लिहावं: ‘38 फाइल्स फक्त हलवल्या, 4 मध्ये खरा बदल. त्या चार आधी वाचा.’ हलवलेल्या ओळी वेगळ्या रंगात पाहण्याची आज्ञाही द्यावी:

```
git diff --color-moved main...patta-ekatra
```

गैरसमज: रिफॅक्टरमध्ये वागणूक बदलत नाही, मग धोका कसला?

वस्तुस्थिती: सारखे दिसणारे तीन तुकडे सारखे असतातच असं नाही. आपल्या उदाहरणात शोधाचा कोड ‘टेम्भी नाका’चं ‘टेंभी नाका’ करून घ्यायचा, बिलाचा कोड करत नसे. वाचायला दोन्ही एकच. पण एकात अनुस्वार आहे, दुसऱ्यात जोडाक्षर. युनिकोडचं NFC रूप घेतलं तरी ती दोन्ही एक होत नाहीत. कोड एकत्र झाल्यावर बिलावरचा पत्ता बदलला, आणि पत्त्यावरून जुनं बिल शोधलं तर ते सापडेना. हाच धोका आणि त्यावर केलेला उपाय वर्णनात नेमक्या शब्दांत हवा: ‘बिलावर आता टेम्भीऐवजी टेंभी येईल, जुनी बिलं शोधताना दोन्ही रूपं तपासली जातात.’

गैरसमज: सगळ्या टेस्ट पास झाल्या, एवढं पुरे.

वस्तुस्थिती: लिहिणाऱ्याला सुचलं तेवढंच टेस्ट तपासते. साठवलेले पत्ते जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कोडमधून काढून निकाल ताडून पाहिले, तर न सुचलेलंही हाती लागतं. वर्णनात लिहावं: ‘20,000 पत्ते तपासले, 14 निकाल वेगळे, सगळे टेम्भीचे. रोमन लिपीतले पत्ते तपासलेले नाहीत.’ शेवटचं वाक्य टाळू नये, कारण रिव्ह्यू करणारा आपला वेळ तिथेच लावेल.

माघारीचंही लिहावं. `git revert` कोड परत आणतं, नव्या रूपात साठवलेले पत्ते नाही. म्हणून ग्राहकाने लिहिलेला मूळ पत्ता वेगळ्या रकान्यात जपला आहे का, हे वर्णनातच कळायला हवं.