ओसाकात ‘अहो’ म्हणताना

मराठीत ‘अहो’ म्हणजे मान. जपानीत जवळपास याच उच्चाराचा शब्द म्हणजे ‘मूर्ख’. पुण्यात जपानी शिकवताना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगते, कारण आपल्या तोंडून हा शब्द सहज निसटतो.

मूर्खासाठी त्यांच्याकडे दुसरा शब्द आहे, ‘बाका’. १९९० मध्ये ओसाकाच्या एका टीव्ही कार्यक्रमाकडे एका नवऱ्याने विचारणा केली. तो ओसाकाचा, बायको टोकियोची. भांडताना तो ‘आहो’ म्हणे, ती ‘बाका’, आणि दोघांनाही समोरच्याचाच शब्द जास्त लागे. मग या दोन शब्दांची सीमा नेमकी कुठे? कार्यक्रमवाले टोकियोहून पश्चिमेला विचारत निघाले, तर वाटेत नागोयाला ‘तावाके’ हा तिसराच शब्द भेटला. ओसाकात ‘आहो’ बऱ्याचदा आपण मित्राला ‘येड्या’ म्हणतो तितका सौम्य असतो आणि ‘बाका’ झोंबतो. टोकियोत बहुधा उलट. पण ‘येड्या’ म्हणायला आधी मैत्री लागते, तशी तिथेही लागते.

खरा घोटाळा मात्र शिवीत नसतो, ‘तू’मध्ये असतो. अ‍ॅनिमे बघून आलेल्या मुलांच्या तोंडी ‘ओमाए’, ‘तेमे’, ‘किसामा’ बसलेले असतात. तिन्हींचा अर्थ ‘तू’. ‘ओमाए’ जवळच्या मित्रांत चालतो; उरलेले दोन अंगावर धावून जाताना वापरायचे. ‘किसामा’ तर एकेकाळी आदरार्थी होता. त्याच्या लिपीत अजूनही ‘थोर’ अर्थाचं चिन्ह आहे. म्हणून शब्दकोशातल्या व्युत्पत्तीवर विसंबू नये.

माझ्या एका विद्यार्थ्याने कारखान्यात आलेल्या जपानी इंजिनिअरला विचारलं, “ओमाए वा दोओ ओमोउ?” त्याला म्हणायचं होतं, “तुम्हाला काय वाटतं?” ऐकू गेलं, “तुला काय वाटतं रे?” इंजिनिअर रागावला नाही, चूकही सुधारली नाही. तो थोडा थांबला आणि पुढचं सगळं दुभाष्याशी बोलला. चूक झाल्याची खूण बहुतेकदा एवढीच मिळते.

नुसतं ‘ओमाए’ काढून ‘आनाता’ घातलं तरी भागत नाही. पाठ्यपुस्तकात त्याचा अर्थ ‘तुम्ही’ दिलेला असतो, पण वरिष्ठांना तो खटकतो. जपानी माणूस तिथे सर्वनामच टाळतो आणि नाव घेतो: “तानाका-सान वा दोओ ओमोइमास का?” आडनावाला ‘सान’, क्रियापदाला ‘मास’. नाव माहीत नसेल तर कर्ताच गाळायचा. वाक्य अडत नाही.

शिव्या शिकूच नका, असं मी म्हणत नाही. कानाला त्या कळल्याच पाहिजेत, नाहीतर समोरचा चिडलाय की लाडात आलाय हे समजणार कसं? मात्र वहीत अशा शब्दापुढे मी अर्थाऐवजी तीन गोष्टी लिहायला लावते: कोण म्हणालं, कोणाला, कुठल्या गावात. त्या मुलाच्या वहीत ‘ओमाए’पुढे आता लिहिलेलं आहे: “शाळासोबती, एकमेकांना, टोकियो.” आणि खाली लाल शाईत: “कामावर नाही.”